भेट करमुक्त, पण तिच्यावरचे व्याज कोणाचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्राप्तिकर विवरणपत्रे भरण्याचे दिवस जवळ आले की 'नातेवाइकांनी दिलेली रक्कम पूर्णपणे करमुक्त' हे वाक्य लेखांतून आणि करविषयक सदरांतून हमखास वाचायला मिळते. वाक्य चुकीचे नाही, पण ते अर्धे आहे. उरलेला अर्धा भाग न कळल्यामुळे साध्या पगारदार कुटुंबांना कसा भुर्दंड पडतो, हे बँकेतील नोकरीत आणि निवृत्तीनंतर ओळखीच्यांची विवरणपत्रे भरून देताना मी अनेकदा पाहिले आहे.

कायद्यात दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिला प्रश्न भेट घेणाऱ्याचा. वर्षभरात मिळालेल्या रोख भेटींची बेरीज ५० हजार रुपयांच्या वर गेली, तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याचे उत्पन्न ठरते. मात्र पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे, काका, मामा, आत्या, मावशी अशा कायद्याने ठरवलेल्या नातेवाइकांकडून मिळालेल्या रकमेला हा नियम लागू नाही. (ही यादी दोन्ही बाजूंनी सारखी चालत नाही, हेही फार थोड्यांना माहीत असते. काकांनी पुतण्याला दिलेले पैसे करमुक्त असतात, पण पुतण्याने काकांना दिलेले नसतात, कारण काकांच्या यादीत पुतण्या बसत नाही.) दुसरा प्रश्न त्या पैशांतून पुढे होणाऱ्या उत्पन्नाचा आहे. प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ६४ नुसार पतीने पत्नीला, किंवा पत्नीने पतीला, पुरेसा मोबदला न घेता दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. यालाच क्लबिंग म्हणतात, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे.

परिचयातील एका कुटुंबाचे उदाहरण देतो. आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत. ३० टक्क्यांच्या टप्प्यात कर भरणाऱ्या पतीने स्वतःचे अन्य उत्पन्न नसलेल्या पत्नीच्या खात्यात १० लाख रुपये वर्ग केले आणि तिने त्यांची ७ टक्के दराने मुदत ठेव केली. वर्षाचे व्याज ७० हजार रुपये झाले. बँकेने १० टक्क्यांप्रमाणे ७ हजार रुपये टीडीएस तिच्या पॅनवर कापला, तिने आपले उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत दाखवून तो परतही मिळवला आणि दोघांनाही सारे नियमाप्रमाणे झाले असेच वाटले. वास्तविक ते ७० हजार पतीच्या विवरणपत्रात यायला हवे होते आणि त्यांवर ४ टक्के उपकरासह २१,८४० रुपये कर द्यायला हवा होता. ही चूक उशिरा लक्षात येते तेव्हा करासोबत व्याजही भरावे लागते. आयटीआर-२ मध्ये अशा उत्पन्नासाठी एसपीआय हे वेगळे परिशिष्ट आहे, आणि उत्पन्न पतीचे असल्याचे घोषणापत्र पत्नीने बँकेला आधीच दिले असते, तर टीडीएसही पतीच्याच नावे जमा झाला असता. पण ते कोणी सांगितलेच नव्हते.

एक दिलासा मात्र आहे. क्लबिंग दिलेल्या मूळ रकमेच्या उत्पन्नाला लागते, त्या उत्पन्नाच्या उत्पन्नाला नाही. त्या ७० हजारांची पत्नीने वेगळी ठेव केली, तर पुढच्या वर्षीचे त्यावरचे ४,९०० रुपये व्याज तिचे स्वतःचे. १० लाखांचे व्याज मात्र पतीकडेच जात राहते. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, की भेटीच्या पैशांची ठेव आणि व्याजातून केलेली ठेव यांच्या पावत्या वेगळ्या ठेवा. पुनर्गुंतवणुकीच्या ठेवीत दोन्ही व्याजे एकाच आकड्यात मिसळतात आणि ती वेगळी काढण्याचा हिशेब स्वतःलाच मांडत बसावे लागते.

सुनेच्या बाबतीत घोटाळा आणखी वाढतो. सासऱ्यांनी सुनेला दिलेले पैसे करमुक्त, पण त्यांवरचे व्याज सासऱ्यांच्या उत्पन्नात; तेच पैसे तिच्या वडिलांनी किंवा भावाने दिले, तर व्याज तिचे स्वतःचे. देणारे सारे 'नातेवाईक'च, तरी परिणाम वेगळा.

उत्पन्न पत्नीच्या नावे वळवून कर वाचवला जाऊ नये, हा या तरतुदीचा हेतू मला मान्य आहे. परंतु नोकरी सोडून वर्षानुवर्षे घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या नावे केलेली ठेव आणि निव्वळ करबचतीसाठी वर्ग केलेली रक्कम यांत कायदा काहीच फरक करत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. तो बदल संसदेच्या हाती आहे. आपल्याला विनंती एवढीच, की करविषयक मजकुरात जिथे 'नातेवाइकांची भेट करमुक्त' असे छापाल, तिथेच पती-पत्नी आणि सासू-सासरे व सून यांच्यापुरते तरी 'त्यावरचे उत्पन्न देणाऱ्याचे' हे वाक्यही छापावे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी