ॲसिटिलीनचा प्रश्न आणि आभाराचे पत्र

दांडिया बाजार, बडोदे

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

इंदूरच्या करिअर मेळाव्यात भेटलेल्या अभियंत्यांना ईमेल पाठवायचा आहे, असे तू काल फोनवर म्हणालीस. नोकरभरतीच्या विभागात काम करताना अशी पुष्कळ पत्रे माझ्या वाचनात आली, म्हणून हे सविस्तर लिहिते.

मेळावा संपल्यावर स्टॉलवरच्या माणसाजवळ बायोडेटांचा गठ्ठा उरतो आणि दोन दिवसांत चेहरे एकमेकांत मिसळून जातात. ‘आपल्याशी बोलून आनंद झाला’ एवढेच लिहिलेस, तर तू त्यांपैकी कोण हे त्यांना उमगणार नाही. त्यांनी प्रत्येकाला सांगितलेली कंपनीची माहिती परत लिहिलीस, तरीही नाही. तुझ्या प्रश्नामुळेच जे बोलणे निघाले, तेच हवे, आणि ते तुझ्याजवळ आहे. पत्र तू इंग्रजीत लिहिशील, पण आशय असा ठेव:

‘ट्रान्सफॉर्मरच्या तेलात ॲसिटिलीन आढळले तर तो लगेच बंद करावा का, असे मी आपल्याला विचारले होते. आधी दुसरा नमुना घेऊन प्रमाण वाढते आहे का ते पाहावे आणि टॅप चेंजरचे तेल मुख्य टाकीत झिरपत नाही ना हे तपासावे, असे आपण सांगितलेत. ॲसिटिलीन म्हणजे टाकीतच ठिणगी, असे मी तोवर धरून चालले होते. प्रशिक्षणार्थी पदासाठी मी अर्ज केला आहे. त्याचा क्रमांक खाली दिला आहे.’

त्यांचे म्हणणे मांडताना ते जेवढे बोलले तेवढेच लिही. ‘पाहू, अर्ज करा’ या त्यांच्या शब्दांचे ‘आपण संधी देण्याचे कबूल केलेत’ असे होऊ देऊ नकोस. अशा एका वाक्याने चांगल्या उमेदवाराविषयी मन साशंक झालेले मी पाहिले आहे. त्या उत्तरानंतर तू खरोखर काही वाचले असशील, तर त्याविषयी एक वाक्य जोड. नसेल, तर त्यासाठी काही रचू नकोस.

हे पत्र ते बहुधा भरती विभागाकडे पुढे पाठवतील आणि तिथल्या माणसाने तुला पाहिलेले नसेल. म्हणून विषयाच्या ओळीत मेळाव्याचे नाव, तुझे नाव आणि ‘ट्रान्सफॉर्मर तेलातील ॲसिटिलीन’ हे शब्द असू देत, आणि अर्जाचा क्रमांक विसरू नकोस, कारण पोर्टलवरचा अर्ज नसेल तर नुसत्या पत्रावर निवड पुढे सरकत नाही. त्यांच्या नावाचे स्पेलिंग व्हिजिटिंग कार्डावरून पडताळून घे. आज किंवा उद्याच पाठव, बोलणे त्यांनाही आठवत असेल तोवर. आठवडाभर उत्तर आले नाही, तर त्याच ईमेलखाली दोन ओळींत एकदा विचार, त्यापुढे मात्र नको.

मसुदा झाला की मला पाठव. रात्री वाचून कळवते.

तुझी,
आई