पोत्याला पाचवा फरमा

प्रिय दत्ता,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, राग धरू नकोस. गुडघे आहेत तसेच आहेत, बाकी ठीक. पण परवा जे झालं ते तुझ्याशिवाय सांगायचं कुणाला? घरी सांगितलं तर म्हणतात, "वाळूच ना?"

ताईचा गणेश आता माझ्याबरोबर कामावर येतो. हात चांगला आहे, रंधा सरळ चालतो. पुढे त्याला स्वतःची कामं घ्यायचीत, म्हणून म्हटलं, या खोलीच्या गिलाव्याला वाळू किती लागेल ते सांग. चारी भिंती मिळून 500 चौरस फूट, जाडी अर्धा इंच, माल एकास चार, म्हणजे एक हिस्सा सिमेंट आणि चार हिस्से वाळू. (दारं-खिडक्या वजा केलेल्या नाहीत. कपाळाला हात लावलास ना? चौकटीच्या बाजूंनाही माल लागतोच, हे मी उस्तादांसमोर तुझ्याशी भांडून सांगितलं होतं, आजही तेच सांगतो.)

तो भिंतीकडे नुसता बघत राहिला, तेव्हा मी आपला हिशेब सांगितला: शंभर फुटाला सिमेंटचं एक पोतं आणि पोत्याला पाच फरमे वाळू. म्हणजे 25 फरमे. फरमा म्हणजे आपला मापाचा खोका, सव्वा घनफुटाचा, सिमेंटच्या एका पोत्याएवढा, म्हणून वाळू झाली साधारण 31 घनफूट.

त्यानं लगेच विचारलं, "मामा, एकास चार म्हणता आणि फरमे पाच कसे?"

दत्ता, इतकी वर्षं पोरं हाताखाली आली, हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, घे कागद.

500 फुटांवर अर्धा इंच म्हणजे जवळपास 21 घनफूट माल. त्यात वाळू चार हिस्से, म्हणजे 17. माझे 31, त्याचे 17. पोराचं तोंड उतरलं. मग मी त्याला भिंतीवर सरळ पट्टी धरायला लावली. पट्टीमागे कुठे बोट जात होतं, कुठे नाही. विटा आतबाहेर, सांधे खोल, हे सगळं भरल्याशिवाय अर्धा इंच सुरूच होत नाही. त्यासाठी पाचवा हिस्सा वाढवला, 25 झाले. शिवाय हा भिंतीवर बसलेला ओला माल. पाणी घातलं की सिमेंट वाळूच्या फटींत जातं आणि ढीग खाली बसतो, म्हणून कोरा माल सव्वापटीहून थोडा जास्त घ्यावा लागतो. त्यानं 1.3 नं गुणलं, साडेबत्तीस आले. त्याचे पाच हिस्से केले तर सिमेंट साडेसहा घनफूट, म्हणजे पाच पोती आणि वर थोडं. सिमेंट जुळलं! वाळू मात्र 26 वरच अडली.

उरलेले पाच घनफूट कुठे गेले ते मी सांगितलं नाही, दाखवलं. सरळ बाजूंची काचेची बरणी घेतली, ढिगातली ओलसर वाळू न दाबता सहा इंच भरली. ती काढून घेतली, बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी ओतलं, वाळू परत घातली, ढवळली आणि बसू दिली. पाच इंच भरली. ओलसर कणांभोवतीचं पाणी त्यांना एकमेकांपासून दूर धरतं, म्हणून ढीग फुगलेला दिसतो. पाण्यात बुडाली की फुगवटा जातो. त्यानं 26 ला सहानं गुणून पाचनं भागलं आणि 31.2 आले. तो ओरडलाच.

आणि तिथेच माझी काळजी सुरू झाली. त्यानं वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: "पोत्याला पाच फरमे." ते मला झोपू देईना. उद्या उन्हात वाळलेल्या वाळूवर त्यानं हेच पाच फरमे घातले, तर माल एकास पाच होईल, आणि गिलावा नखानं खरवडला तरी भुरभुरेल. उलट एखाद्यानं पुस्तकातलं बघून ओलसर वाळूचे चारच घातले, तर सिमेंट जास्त होऊन बारीक तडे जातील. आणि फुगवटा काही रोज सारखा नसतो. बारीक वाळू जाड वाळूपेक्षा जास्त फुगते, जोराच्या पावसात पार भिजलेली जवळजवळ कोरडीइतकीच भरते. पाच हा आकडा त्या ढिगाचा होता, त्या दिवशीचा.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य खोडून घेतलं आणि सांगितलं, माल कालवायच्या आधी बरणी लावायची. "रोज, मामा?" रोज! आवाज चढला माझा. तुझ्यासारखाच आहे तो, एकदा जुळलं की पुन्हा मोजायला नको. पण काल मी पोहोचायच्या आधी त्यानं बरणी लावली होती. साडेपाच इंच आले, म्हणून फरमे साडेचारच्या आत ठेवले.

तू हल्ली क्रश सँड वापरतोस ना? त्यात भुकटी जास्त, तेव्हा बरणीत ती किती बसते ते मोजून कळव, त्याच्या वहीत लिहून घ्यायला सांगतो.

नातीचं बारसं झालं का? छपराचं काम पावसाआधी उरक. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू