वेड्याचं गाणं काढू नकोस

प्रिय चिमे,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. तुमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्यांदाच भोंडला होतोय, गाण्यांची यादी तुझ्याकडे आलीय आणि तू विचारतेयस की वेड्याचं गाणं ठेवू का काढू, सासूबाई पण फेरात असणारेत. ठेव गं. का ठेव ते मेसेजमध्ये टाईप करायला बसले तर लांबत गेलं, म्हणून सरळ पत्रच लिहितेय. बाहेर हस्ताचा पाऊस कोसळतोय, इंदिरानगरात लाईट जाऊन तासभर झाला, त्यामुळे वेळ आहेच.

आधी गाण्याची रचना बघ. वेड्याच्या बायकोने केले होते लाडू, तिकडून आला वेडा, त्याने डोकावून पाहिलं, चेंडू चेंडू म्हणून त्याने खेळायला घेतले. मग करंज्या, त्या होडी होडी म्हणून पाण्यात सोडल्या. मग शेवया, त्या गांडूळ गांडूळ म्हणून फेकून दिल्या. आणि प्रत्येक कडव्यानंतर ते श्रीकांता कमलाकांता असं कसं झालं, असं कसं वेड माझ्या नशिबी आलं. लहानपणी आपण हे हसत हसत म्हणायचो पण एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. कडव्यात ती "वेड्याची बायको" आहे, म्हणजे कुठलीतरी तिसरीच बाई, आणि ध्रुपदात मात्र "माझ्या नशिबी" आहे. नवऱ्याला वेडा म्हणायचं ते दुसरीच्या नावावर आणि रडायचं ते स्वतःच्या नावाने, तेही देवापुढे. कोणी विचारलंच, काय गं, माझ्या मुलाला वेडा म्हणतेस? तर ती म्हणणार, मी कुठे, ते त्या बाईचं चाललंय. आणि ध्रुपद सगळा फेर मिळून म्हणतो ना, त्यामुळे ते "माझ्या" एकटीचं राहतच नाही, शेजारीण म्हणते, जाऊ म्हणते आणि सासूपण म्हणते, तिलाही कधीतरी नवरा होताच की.

नवीन कडवी जोडायची असतील तर जोड, या गाण्यात सगळ्याच जणी जोडतात, पण कुठलंही कडवं चालत नाही हे मात्र गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत चांगलंच कळलं. एका कॉलेजच्या मुलीने पिझ्झा घेतला आणि सायकलचं चाक म्हणून लावला. आकार बरोबर, यमकाची तर या गाण्यात गरजच नसते, तरी कोणी हसलं नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, अगं तो तिने केला कुठे, मागवला. बरोबर बोलल्या. लाडू वळताना हात भाजतात, करंज्यांना सकाळ जाते, शेवयांना तर अख्खी दुपार, आणि ते सगळं तो एका क्षणात पाण्यात सोडतो, म्हणून ते लागतं. कष्ट नसतील तर नासाडी कसली आणि तक्रार तरी कसली.

मग आमच्याकडच्या जळगावच्या मावशींनी कडवं टाकलं. त्यांच्याकडे भोंडल्याऐवजी भुलाबाई असते, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, पण गाणी बरीच मिळतीजुळती, त्यामुळे त्या इथे अगदी रमल्यात. त्यांनी म्हटलं, वेड्याच्या बायकोने केले होते मांडे, तिकडून आला वेडा त्याने डोकावून पाहिलं, धोतर धोतर म्हणून त्याने नेसायला घेतले. आणि जे हसू फुटलं! मांडे करताना पाहिलेस ना तू, पुरण भरलेली पोळी हातांवर फिरवत फिरवत एवढी मोठी आणि पातळ करायची आणि मग खापरावर टाकायची, फाटली की संपलं. ज्या बाईने ते केलंय तिला ते धोतर डोळ्यांसमोर दिसतं. अतिशयोक्ती खरीच पण त्यातला मांडा खरा असावा लागतो.

आता शेवटचं कडवं. तू म्हणालीस तेवढं तरी काढते, लहान मुली असतात. वेड्याची बायको झोपली होती, मेली मेली म्हणून त्याने जाळून टाकलं. मला माहितीये बऱ्याच ठिकाणी गाळतात. पण तू नीट बघ, प्रत्येक कडव्यात तो तेच करतो. बाहेरून येतो, डोकावतो, स्वतःच नाव ठेवतो, तेही दोनदा, आणि लगेच त्या नावाप्रमाणे करून मोकळा होतो. हे काय आहे गं, असं एकदासुद्धा तिला विचारत नाही. ती स्वयंपाकघरातच उभी असणार ना! लाडवाच्या वेळी विचारलं नाही, करंज्यांच्या वेळी नाही, आणि शेवटी तीच समोर असते तेव्हाही नाही. तक्रार लाडवाची नव्हतीच, न विचारण्याची होती. ते कडवं काढलंस तर नुसतं फराळाचं गाणं उरेल. फक्त ते अगदी शेवटीच घे. मागच्या वर्षी एकीने घाईत मध्येच म्हटलं आणि फेर एकदम गप्प झाला, पुढच्या चकल्या-शंकरपाळ्यांना कोणी हसेचना. आधी पाच-सहा कडवी हसून झालेली असली की पोरी तेही हसत म्हणतात आणि मोठ्या बायका एकमेकींकडे बघतात.

आणि सासूबाईंची काळजी वाटतेय तर कारल्याचा वेल पण घे आणि सासूच्या ओळी त्यांनाच म्हणायला दे. वेल लाव गं सुने मग जा माहेरा, लावला हो सासूबाई आता तरी जाऊ का, मग कोंब येऊ दे, फूल येऊ दे, कारली लागू दे, भाजी कर. खरं कारलं लावल्यापासून हाताशी यायला दोनेक महिने घेतं, म्हणजे सून किती थांबलीय बघ, आणि ती एकदाही उलट बोलत नाही, सांगितलेलं करते आणि पुन्हा तेच विचारते. यात सुनेने कुरकुर केली की गाणं बिघडतं, तिचा आवाज गोडच हवा, हट्ट सगळा सासूच्या ओळीत दिसायला हवा. माझ्या सासूबाईंनी मागच्या वर्षी त्या ओळी अशा ठसक्यात म्हटल्या की मला माझी ओळ सुचेना. नंतर वेड्याच्या गाण्यात त्यांनी स्वतःहून कडवं टाकलं, केले होते पापड, पेपर पेपर म्हणून त्याने वाचायला घेतले. मामंजी वर गॅलरीत पेपर घेऊनच बसले होते. चाळीस वर्षं त्या पापड लाटतायत आणि ते पेपर वाचतायत, फेरातल्या निम्म्या बायकांना माहीत होतं. मामंजींनी पेपर खाली ठेवून वाकून बघितलं, सासूबाई फेरातून मान वर करत नव्हत्या.

तर क्रम असा ठेव, ऐलमा पैलमा, मग कारलं, मग वेडा पूर्ण, आणि आड बाई आडोणीने संपव. हत्ती पाटावर रांगोळीने काढ. आणि खिरापत काय केलीस ते मला सांगू नकोस, डबा हलवल्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठव, मी इथून ओळखते.

तुझीच,
ठकी