बाळ्या हे नाव कसं पडलं

चि. कौस्तुभ,

अनेक आशीर्वाद.

तू ठरल्यापेक्षा एक दिवस आधी निघून गेलास. आई म्हणते फोन करा. पण फोनचं आणि माझं कसं आहे ते तुला ठाऊक आहे, म्हणून लिहितोय. सोमवारच्या मीटिंगबद्दल मी या पत्रात काही विचारणार नाही, तेवढं मनाशी ठरवलंय.

शनिवारी त्या पाहुण्यांनी तुला नाव विचारलं. तू ‘क्’वर थांबलास, मान एका बाजूला गेली, डोळे मिटले. दोन-तीन सेकंदच झाले असतील, पण मला ते सोसवेना आणि मी पटकन बोलून गेलो, “कौस्तुभ.” त्यावर तू म्हणालास, “बाबा, माझं नाव तरी मला सांगू द्या.” हे वाक्य तू एकदाही न अडखळता बोललास, म्हणून ते जास्तच लागलं.

तुझं म्हणणं बरोबर होतं. शब्द पुरवणाऱ्याला वाटतं आपण सुटका केली. खरं तर सुटका त्याची स्वतःची झालेली असते. हे मला कळायला हवं होतं, कारण शाळेत माझे शब्द लोक असेच पुरवायचे, आणि बऱ्याचदा चुकीचे पुरवायचे. मी तेच बरोबर म्हणून मान डोलवायचो.

तू म्हणशील, बाबा कुठे अडखळतात? इथेच तर सगळी गोम आहे. मी अडखळत नाही, मी चुकवतो. ‘क’ पुढे येतोय असं चार शब्द आधीच दिसतं, आणि मी वाक्य वळवतो. ‘कधी’ म्हणायचं असलं की ‘किती वाजता’ही चालत नाही, मग ‘वेळ नेमकी सांगा ती’ असलं काहीतरी उलटंसुलटं बोलतो. सगळे म्हणतात, हा माणूस फार विचार करून बोलतो. शब्द बदलता येतो, नाव मात्र बदलता येत नाही, म्हणून अडखळणाऱ्या बहुतेकांना स्वतःचं नाव सगळ्यात जड जातं. तुझं नाव आजीनं ठेवलं. मी नको म्हटलं, कारण सांगितलं नाही. मग मी तुला बाळ्या म्हणू लागलो आणि घरानं ते उचललं. लाडाचं नाव वाटतं ना? ते माझं लपायचं नाव होतं. तुझ्या शाळेत फोन करायची वेळ आली की आईला सांगायचो.

अडखळणं घराण्यातून येऊ शकतं, हे स्पीच थेरपिस्टनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि आईवडिलांच्या वागण्यानं ते जडत नाही हेही सांगितलं होतं. पहिलं वाक्य मी घरी आणलं, दुसरं तिथेच राहिलं. म्हणूनच ती वही. तुला आठवते का? तू नऊ वर्षांचा. रोज संध्याकाळी तुझ्याशी दहा मिनिटं बोलायचं आणि तू किती वेळा अडलास त्याच्या रेघा मारायच्या. सांगितलं कोणीच नव्हतं, माझीच हौस. सुरुवातीला अठरा-वीस. दोन महिन्यांत चारवर आलं. मी वही घेऊन ऐटीत थेरपिस्टकडे गेलो. त्यांनी ती चाळली आणि विचारलं, “या दहा मिनिटांत तो एकूण बोलला किती?”

ते मी मोजलंच नव्हतं. पुढच्या संध्याकाळी मोजलं. तू एकवीस शब्द बोललास. त्यातले निम्मे ‘हो’ आणि ‘माहीत नाही’. रेघा कमी झाल्या कारण तू बोलणंच कमी केलं होतंस. मी तुला गप्प बसायला शिकवत होतो आणि त्याला सुधारणा म्हणत होतो. वही फाडली नाही, कपाटात आहे.

पुढे त्यांनी तुला शिकवलं ते मला फार आवडलं होतं. चार्ल्स व्हॅन रायपर नावाचे गृहस्थ, स्वतः अडखळायचे, त्यांची ही पद्धत. अडणं थांबवायचं नाही, अडण्याचा जोर कमी करायचा. ‘क’ला जिभेचा मागचा भाग टाळूला चिकटतो. अडलं की आपण आणखी रेटतो, मान झटकतो, पाय आपटतो, आणि जीभ कुलूपबंद होते. त्यापेक्षा तिथेच थांबायचं, जीभ सैल होऊ द्यायची आणि पुढच्या ‘औ’मध्ये हळूच सरकायचं. ते साधलं नाही आणि शब्द धक्क्यानंच बाहेर पडला, तर तो पूर्ण करायचा, तीनेक सेकंद थांबायचं आणि तोच शब्द पुन्हा, सैल जिभेनं म्हणायचा. दुसऱ्या खेपेला अडला तरी चालेल, फक्त रेटायचा नाही. आणि मुद्दाम अडखळायचं, आपण होऊन, ‘क-क-कौस्तुभ’. तू ते दुकानात केलं होतंस, मी बाहेर उभा राहून घामाघूम. तू हसत बाहेर आलास.

तो मुलगा आता मीटिंगमध्ये माइक बंद ठेवून सगळं लिहून पाठवतो, असं परवा तूच म्हणालास. वर हेही म्हणालास, “आता बराच सुधारलोय, महिनाभर कोणाला कळलं नाही.” तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. कोणाला कळलं नाही, हे मी तीस वर्षं म्हणत आलोय, बाबा रे. तेही वहीतलं ‘चार’च आहे.

ओळख करून देताना बारा जण असतील आणि तुझा नंबर शेवटचा असेल, तर अकरा जणांचं काहीही ऐकू येत नाही, नुसता ‘क’ जवळ येत राहतो. म्हणून आधीच सांगून पहिला नंबर मागून घे. आणि सुरुवातीलाच म्हणून टाक, ‘मी अडखळतो, शब्दाला वेळ लागेल, तो मध्ये पुरवू नका.’ लपवायचं ओझं उतरलं की अडणंही बऱ्याचदा सैलावतं. नाही सैलावलं तरी निदान जे म्हणायचंय तेच म्हणशील, जवळपासचं काहीतरी नाही. मीटिंग संपल्यावर अडलास किती ते मोजू नकोस. शब्द बदलला का, हात वर करायचा होता तो केला का, एवढंच बघ.

बघ, लागलो शिकवायला. रागावू नकोस. ज्यानं एकदाही कोणाला सांगितलं नाही, त्यानं तुला सांग म्हणावं हे मलाही विचित्र वाटतंय. तुला हे सोपं जाईल असं मी म्हणत नाही. काही लोक हसतीलही.

काल मी काकाला फोन केला. आई समोर बसली होती, मी तिच्याकडे दिला नाही. त्यानं विचारलं, कोण आलं होतं शनिवारी? ‘बाळ्या’ अगदी ओठावर होतं. मी ‘क्’ सुरू केला आणि अडलो. पलीकडून “हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?” फोनवर हे असंच होतं, आपली धडपड दिसत नाही, लोकांना वाटतं लाइन गेली. मला ठेवून द्यावासा वाटला. ठेवला नाही. ‘कौस्तुभ’ आलं, झटक्यानंच आलं, सैल वगैरे काही नाही. मग थांबून पुन्हा म्हणालो. काका म्हणाला, “अरे ऐकलं, दोनदा काय सांगतोस?”

आई हसत होती. तिला तू हे सांगू नकोस की मी लिहिलं.

तुझा चार्जर इथेच राहिलाय, पाठवतो. आणि मी विचारणार नाही म्हटलं होतं, पण सोमवारची ती मीटिंग सकाळी आहे की दुपारी?

तुझा,
बाबा