सायकलच्या एलईडी दिव्यांच्या संचाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मागचा दिवा जोडला की पुढचा विझतो, दोष सेलचा नसून जोडणीचा असल्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचा सायकलला लावायचा एलईडी दिव्यांचा संच मी सीताबर्डीच्या एका दुकानातून घेतला. माझी ड्युटी हिंगणा एमआयडीसीत, सुटी रात्री होते आणि त्रिमूर्तीनगरपर्यंत ट्रकच्या गर्दीतून सायकलने यायचे असते. त्यामुळे पुढचा पांढरा आणि मागचा लाल असे दोन्ही दिवे एकाच वेळी लागणे मला आवश्यक आहे, आणि नेमके तेच या संचात होत नाही. मागच्या दिव्याची पिन काढली की पुढचा छान लागतो. पिन लावली की पुढचा विझतो आणि लाल दिवा मात्र डोळ्यांत खुपेल इतका प्रखर होतो.

आपल्या प्रतिनिधीला फोन केला तेव्हा "सेल उतरले असतील, नवे टाका" असे उत्तर मिळाले. सेल नवेच होते. मी कारखान्यात विद्युत दुरुस्तीचेच काम करतो, म्हणून डबी उघडून मल्टिमीटर लावला. काय आढळले ते सविस्तर लिहितो. हे पत्र कृपया डिझाइन करणाऱ्यांपर्यंत पोहोचवावे.

डबीत तीन अल्कलाइन पेन्सिल सेल आहेत, दिवे चालू असताना त्यांचा दाब 4.6 व्होल्ट भरला. पुढे तीन पांढरे एलईडी, मागे तीन लाल, आणि या सगळ्यांसाठी मिळून 22 ओहमचा एकच रेझिस्टर. नुसता पुढचा दिवा लावला तर त्याच्यावर 3.1 व्होल्ट येतात, उरलेले दीड व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि साधारण 68 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. म्हणजे प्रत्येक एलईडीला 23. इथवर ठीक. पण लाल एलईडी 2 व्होल्टच्या आसपासच पूर्ण पेटतो. तो समांतर जोडला की दोन्ही दिव्यांवरचा दाब 2 व्होल्टवर येऊन अडकतो, आणि तेवढ्यात पांढरा एलईडी पेटतच नाही. सगळा प्रवाह लाल घेतो: 2.6 व्होल्ट भागिले 22, म्हणजे सुमारे 118 मिलिअँपिअर, एकेका एलईडीला 39. असे साधे 5 मिलिमीटरचे एलईडी 20 मिलिअँपिअरवर चालवायचे असतात. आपला पाव वॉटचा रेझिस्टरही अशा वेळी 0.3 वॉट सोसतो. त्याला बोट लावले तर चटका बसतो. त्याच्या शेजारचे डबीचे प्लास्टिक पिवळे पडले आहे. नवे सेल टाकून यातले काय सुधारणार होते?

इलाज दोन-चार रुपयांचा आहे. पुढच्याला 22 ओहमचा रेझिस्टर ठेवून मागच्याला 47 ओहमचा वेगळा दिला, की लालला 55 मिलिअँपिअर मिळतात आणि दोन्ही दिवे एकत्र लागतात. मी तसे करून पाहिले आहे.

खोक्यावर "रिचार्जेबल सेलही चालतील" असे छापले आहे, तेही खरे नाही. निकेल मेटल हायड्राइड सेल 1.2 व्होल्टचा, तीन मिळून 3.6. पांढऱ्या एलईडीसाठी वर जेमतेम अर्धा व्होल्ट उरतो आणि उजेड मिणमिणता पडतो. तसे छापायचे असेल तर चार सेलची डबी द्या.

वायरिंगबद्दलही लिहायलाच हवे. हँडल वळते त्या मानेपाशी आपण एकाच जाड तारेची वायर ताणून क्लिपने आवळायला सांगता. वळणावळणाला ती तिथेच वाकते आणि आतून तुटते. वरचे आवरण शाबूत असल्याने दोष दिसत नाही, फक्त हँडल डावीकडे वळवले की दिवा जातो. तिथे बारीक तारांची लवचिक वायर हवी आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल एवढा सैल वळसा. स्विच सीटखालच्या डबीवर आहे, चालवताना तो चाचपत बसायचा का? तो हँडलवर, रबरी टोपीचा असावा, म्हणजे पावसाचे पाणी आत जाणार नाही.

माझी मागणी अशी: दोन वेगळे रेझिस्टर आणि लवचिक वायर असलेला संच बदलून द्यावा, अन्यथा पूर्ण रक्कम परत करावी. पावतीची प्रत आणि जोडणीचा फोटो सोबत आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवेन, आणि तिथेही दाद लागली नाही तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. "सेल बदला" हे उत्तर कृपया पुन्हा पाठवू नये.

आपला,
एक ग्राहक
त्रिमूर्तीनगर, नागपूर