मंत्रिमहोदय, तुमच्या संकेतस्थळांना आधी सांगा की ती मराठी आहेत

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

तुमचा वेळ मोलाचा आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. पण काल पालिकेची मालमत्ता कराची पावती हातात आली, त्यात सवलतीच्या रकान्यात शून्य दिसलं आणि थोडक्यात लिहिण्याचा विचार मी सोडला.

शहराचं नाव लिहीत नाही. राज्यात महापालिका, नगरपालिका, नगरपंचायती मिळून चारशेच्या घरात असतील (कमीजास्त तुम्हीच मोजा, मोजणारी माणसं तुमच्याकडे आहेत) आणि यातल्या कितींना हे पत्र लागू पडेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला स्क्रीनकडे बघायची बंदी होती. मुलगा बोटीवर. घरात सून. ती मदुराईची, मराठी बोलते झकास, पण वाचते तमिळ आणि इंग्रजी. कराचं काम तिने अंगावर घेतलं. पालिकेचं संकेतस्थळ क्रोममध्ये उघडलं आणि वर भाषांतराची पट्टी येईल म्हणून वाट पाहिली. पट्टी आलीच नाही. त्याच फोनवर एका मराठी वर्तमानपत्राचं पान उघडलं तर पट्टी लगेच हजर. म्हणजे फोनच्या सेटिंगमध्ये काही बिघडलेलं नव्हतं. तरी तिने तेही तपासलं. वाचता येणाऱ्या भाषांच्या यादीत कुणी मराठी घालून ठेवली असेल तर क्रोम मराठी पानावर पट्टी देत नाही. यादीत मराठी नव्हती. ‘या साइटचं कधीच भाषांतर करू नका’ असंही कुणी चुकून दाबलेलं नव्हतं.

मग तिने करसवलतीच्या सूचनेचं पान उघडलं. तिथे पट्टी आली! पण ती म्हणाली, मूळ भाषा हिंदी. मूळ वाक्य साधं होतं: ‘30 जूनपर्यंत कर भरणाऱ्यांना 5 टक्के सूट.’ इंग्रजीत त्याचं झालं ‘5 percent suit’. कारण मराठीत जी सूट, ती हिंदीत छूट. हिंदी समजून वाचणाऱ्या यंत्राला सूट म्हणजे अंगात घालायचा सूट. आणि इंग्रजीत सूट म्हणजे कोर्टातला दावाही.

पुढचं काय सांगू? सुनेने शांतपणे विचारलं, “आई, आपल्यावर पालिकेने काही केस केली आहे का?” ह्यांच्या माघारी घर माझ्या नावावर करताना झालेला त्रास डोळ्यांसमोर उभा राहिला. रात्रभर झोप नाही. डोळ्यात थेंब घालायचे विसरले. सकाळी रक्तदाब वाढलेला. वकिलाकडे गेलो, त्यांनी फी घेतली आणि ‘कागद बघून सांगतो’ म्हणाले. कागदच नव्हता, मग बघणार काय! तोवर जून संपला. ज्या सवलतीसाठी संकेतस्थळ उघडलं, ती सवलत संकेतस्थळानेच बुडवली.

माझा भाचा संगणकाचं काम करतो. त्याने पालिकेची पानं कॉम्प्युटरवर उघडली, Ctrl+U दाबलं आणि पानामागचा मजकूर दाखवला. अगदी सुरुवातीला हे होतं:

```
<html lang="en">
```

आणि सूचनेच्या पानावर:

```
<html lang="hi">
```

म्हणजे मुखपृष्ठ ब्राउझरला सांगतं, ‘मी इंग्रजी आहे’. सूचना सांगते, ‘मी हिंदी आहे’. मराठी आहे असं कुणीच सांगत नाही. ब्राउझर पानाच्या या घोषणेकडे बघतो आणि मजकूर वाचून स्वतःचाही अंदाज बांधतो. घोषणा इंग्रजी आणि मजकूर देवनागरी असं दिसलं की क्रोम पुष्कळदा कुणावरच विश्वास ठेवत नाही आणि गप्प बसतो. मुखपृष्ठावर ते झालं. सूचनेच्या पानावर चार ओळी मजकूर आणि खाली आकड्यांचा तक्ता. एवढ्याशा देवनागरीवरून मराठी की हिंदी हे सांगणं यंत्राला अवघड जातं, मग पान म्हणतं तेच खरं धरलं जातं.

यावर उपाय म्हणजे पट्टीवरच्या तीन टिंबांत जाऊन `Page is not in Hindi?` दाबायचं आणि मूळ भाषा स्वतः मराठी निवडायची. भाच्याने तसं केलं आणि ‘सूट’ची सवलत झाली. पण साहेब, हे नागरिकाने करायचं? पालिकेचा कर मी भरते, आणि पालिकेची भाषा कोणती हेही मीच तिच्या वतीने सांगू?

दुरुस्ती किती मोठी आहे ते पाहा:

```
<html lang="mr">
```

दोन अक्षरं. पानात इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्या भागाला lang="en" लावायचं, झालं. अंध माणसाचा स्क्रीन रीडरही कोणता आवाज वापरायचा ते याच खुणेवरून ठरवतो. इंग्रजी समजून मराठी वाचायला बसला तर त्या माणसाच्या कानी काय पडत असेल, विचार करा.

मी पालिकेला लिहिलं. ‘तांत्रिक बाब तपासून कार्यवाही करण्यात येईल’ असं उत्तर आलं. कार्यवाही झालीही. नवं संकेतस्थळ आलं, वर पदाधिकाऱ्यांचे सरकते फोटो आले, रंग बदलला. भाच्याने पुन्हा Ctrl+U दाबलं. en जिथल्या तिथे. कंत्राटदाराने तयार सांगाडा आणला असणार, त्यात en आधीपासून असतं, आणि बिल काढणाऱ्याने पानामागे डोकावायचं कारण काय? कोपऱ्यात ‘English’ असं बटणही आहे. दाबलं की वरची मेनूपट्टी तेवढी इंग्रजी होते, खालची सूचना मराठीतच. वा!

सूचनेखाली पीडीएफ आहे. त्याचं भाषांतर क्रोम करतच नाही, म्हणून सुनेने मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला. ‘सरकार’ या शब्दाच्या जागी `ljdkj` उमटलं. कृतिदेव फॉन्ट! डोळ्यांना देवनागरी दिसते, आत मात्र इंग्रजी कळांची अक्षरं. सगळ्या लिपींसाठी एकच संकेत असलेलं युनिकोड येऊन तीन दशकं होऊन गेली तरी सरकारी टेबलावर कृतिदेव ठाण मांडून आहे. बाकीची परिपत्रकं तर शिक्का मारून, स्कॅन करून, तिरकी चिकटवलेली.

आता नियम नाहीत असं म्हणू नका. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत, 2023 मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. पानाची भाषा पानात नोंदवणं हा सुगम्यतेच्या जागतिक निकषांतला सर्वांत खालच्या पायरीचा नियम आहे. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली, तेव्हा फलक किती लागले, पेढे किती वाटले! 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख. एवढ्या लोकांची भाषा दोन अक्षरांत लिहायला तुमच्या कंत्राटदारांना कोणता मुहूर्त हवा आहे? आणि दुकानाच्या पाटीवर मराठी लहान दिसली तर दंड करणाऱ्या यंत्रणेला स्वतःच्या पाटीमागे कोणती भाषा लिहिली आहे ते बघावंसं वाटत नाही?

मागणी एवढीच. बिल मंजूर करण्यापूर्वी एका कारकुनाने मुखपृष्ठ, एक सूचना आणि एक अर्ज अशी तीन पानं Ctrl+U दाबून पाहावीत आणि lang समोर काय आहे ते टिपणीत लिहावं. मराठी पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून बघावा. अक्षरं उमटली तर सही करावी, `ljdkj` उमटलं तर फाइल परत. याला समिती लागत नाही, अभ्यासदौरा तर अजिबात नाही.

आणि माझी 5 टक्के सवलत परत द्यावी. वकिलाच्या फीची पावतीही जोडली आहे, ती कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायची ते तुम्ही ठरवा.

आपली,
कर भरूनही सवलतीला मुकलेली एक ज्येष्ठ नागरिक