काकांचे वावर, पुतण्याचा पॅन

महोदय,

विवरणपत्रे भरण्याचा हंगाम आला की आमच्या धुळे-जळगावकडे हमखास दिसणारी एक अडचण मांडतो. प्राप्तिकर संकेतस्थळावरच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, दुसऱ्याचा व्यवहार आपल्या नावावर दिसतो. तो खोडण्याची सोय तिथेच आहे, पण पर्याय चुकीचा निवडला तर प्रकरण सुटण्याऐवजी गुंतते.

शिंदखेडा तालुक्यातल्या एका कापूस उत्पादकाचे उदाहरण घ्या. त्याचे काका सुरतेत स्थायिक आहेत. त्यांची इथली सात एकर जमीन 46 लाखांना विकली गेली आणि काका येऊ शकत नसल्याने पुतण्याने कुलमुखत्यार म्हणून खरेदीखतावर सही केली. पैसे थेट काकांच्या खात्यात गेले. नंतर पुतण्याच्या एआयएसमध्ये एसएफटी, म्हणजे मोठ्या आर्थिक व्यवहारांच्या, माहितीखाली जमीनविक्रीचे 46,00,000 रुपये उमटले. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या रकमेचा स्थावर व्यवहार निबंधक कार्यालय प्राप्तिकर खात्याला कळवते. इथे लिहून देणाऱ्याच्या रकान्यात काकांऐवजी मुखत्याराचा पॅन पडला होता. इंडेक्स टूची प्रत काढली की ही चूक लगेच दिसते, म्हणून आधी ती काढावी. गडी मात्र एकच पालुपद लावून बसला होता, "वावर काकासनं, पैसा काकासना, मनी फक्त सही!"

त्याला दोन सल्ले मिळाले, दोन्ही चुकीचे. एकाने "Information is denied" निवडायला सांगितले. हा पर्याय म्हणजे या व्यवहाराशी माझा संबंधच नाही असे सांगणे. पण दस्तावर त्याची सही आहे, फोटो आहे. माहिती पडताळणीसाठी निबंधक कार्यालयाकडे गेली की तिथला माणूस दस्त उघडून पाहणार आणि नकार फेटाळणार. दुसरा म्हणाला, जमीन ग्रामीण भागातली, शेतीची, तिच्यावर भांडवली नफ्याचा कर नाही, तेव्हा "Income is not taxable" दाबून मोकळा हो. हा सल्ला अधिक फसवा. तो पर्याय निवडणे म्हणजे विक्री माझीच होती, फक्त करपात्र नाही, अशी कबुली देणे. जमीन खरोखर ग्रामीण असेल तर हा मुद्दा काकांनी त्यांच्या बाजूने मांडायचा आहे.

योग्य पर्याय "Information relates to other PAN/Year" हाच. लॉगिन करून एआयएस उघडायचे, त्या व्यवहाराच्या ओळीत फीडबॅकच्या रकान्यातले "Optional" बटण दाबायचे आणि हा पर्याय निवडून काकांचा पॅन, आर्थिक वर्ष आणि रक्कम भरायची. त्याआधी काकांना फोन करून सांगावे, कारण पुढची विचारणा त्यांच्याकडे जाऊ शकते. भाऊबंदकीत असल्या गोष्टी न सांगता केल्या की काय होते, ते खान्देशात कुणाला सांगायला नको. नोंदवल्यावर मिळणारी पोच जपून ठेवावी.

इथे बरेच जण निश्चिंत होतात आणि तिथेच फसतात. फीडबॅक दिल्यावर सारांशातला आकडा बदलतो, पण मूळ कळवलेली रक्कम एआयएसमध्ये तशीच दिसत राहते. मे 2024 पासून आपला फीडबॅक माहिती देणाऱ्याकडे पडताळणीला गेला का, कधी गेला आणि त्याचे उत्तर काय आले हेही तिथे दिसते. ते अधूनमधून पाहावे. खरी दुरुस्ती निबंधक कार्यालयाने सुधारित विवरण पाठवल्यावरच होते. म्हणून इंडेक्स टू, कुलमुखत्यारपत्र आणि काकांच्या खात्यात रक्कम जमा झाल्याचा बँक उतारा जोडून तिथे लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्यावा. फीडबॅक फेटाळला गेला किंवा उद्या नोटीस आली, तर हीच कागदपत्रे उपयोगी पडतात. पुतण्याने आपल्या विवरणपत्रात ही विक्री दाखवू नये, हे ओघाने आलेच.

आता तक्रार. आम्ही असा अर्ज नेला तेव्हा "आमच्याकडून माहिती गेली, आता तुम्ही आयकरवाल्यांकडे जा" असे उत्तर मिळाले आणि अर्ज घ्यायलाच टाळाटाळ झाली. वास्तविक दिलेल्या माहितीत चूक आढळल्यास माहिती देणाऱ्याने 10 दिवसांत कळवून दुरुस्त माहिती द्यावी, असे 1961 च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम 285 बीए सांगत होते. नोंदणी विभागाने प्रत्येक कार्यालयात असे अर्ज घेण्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्यावर सोपवावी, आणि दस्त नोंदवताना मुखत्याराचा पॅन मालकाच्या रकान्यात पडला नाही ना, हे दोन्ही पक्षांकडून तपासून घ्यावे.

आपला,
एक कर सल्लागार, धुळे